'आम्ही' म्हणजे कोण?

वहिनींच्या गोधड्यांच्या नव्या ऑनलाइन दुकानासाठी 'आमच्याविषयी' हे पान मी लिहिले. 'आम्ही दर्जाशी तडजोड करीत नाही' हे वाचून त्या म्हणाल्या, "भावोजी, हे 'आम्ही' कोण? शिवते तर मी एकटीच." ते खोडून त्यांचे नाव, गाव आणि एका गोधडीला लागणारे 20 दिवस लिहिले. परताव्याचे पान दुसऱ्या दुकानावरून उतरवले होते. त्यात चपलांची मापे तशीच राहिली होती! आता तेथे आहे : न वापरलेली गोधडी 7 दिवसांत परत घेईन, टपालखर्च माझा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार पत्ता, दूरध्वनी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव देणे भाग. तक्रारीची पोच 48 तासांत. अधिकारीही अर्थात वहिनीच. घराचा पत्ता जगजाहीर करायला मात्र त्या दोन दिवस कचरल्या.