पांच फूट कोठून कोठवर?

गेल्या वर्षीं आम्हीं पुण्यांतील आमचें जुनें घर पाडून त्याच जागीं तळमजला आणि वर एक मजला असें नवें घर बांधावयास घेतलें. आमच्या मातुश्री आतां त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. गुडघे निकामी झाल्यापासून त्यांचें हिंडणें-फिरणें चाकांच्या खुर्चींतून होतें. देवघर आणि सकाळचें ऊन येणारी गच्ची हीं दोन्हीं वरच्या मजल्यावर. देवघर खालीं घ्यावें असें थोरल्या बंधूंनीं सुचविलें, तेव्हां मातुश्री म्हणाल्या, "देवांना खालीं आणूं नका रे, मलाच वर न्या म्हणजे झालें." अशा रीतीनें घरांत लहानशी लिफ्ट घेण्याचें ठरलें.

नकाशांत जिन्याशेजारीं लिफ्टसाठीं पांच फूट रुंद आणि सहा फूट खोल अशी जागा दाखविली होती. ती आम्हांस पुष्कळ वाटली, आणि लिफ्ट कोणाकडून घ्यावयाची हें घर पुरें झाल्यावर पाहूं, असें म्हणून आम्ही स्वस्थ राहिलों. आमची चूक झाली ती येथें. तळमजल्याच्या भिंती दाराच्या उंचीपर्यंत आल्या असतां, सहज म्हणून, एका लिफ्टवाल्याच्या माणसास आम्हीं बोलाविलें. त्यानें नकाशा पाहिला आणि विचारलें, "काका, हे पांच फूट कोठून कोठवर?"

आम्हीं गवंड्याकडे पाहिलें आणि गवंड्यानें नकाशाकडे. ते पांच फूट एका भिंतीच्या मध्यरेषेपासून दुसऱ्या भिंतीच्या मध्यरेषेपर्यंतचे होते! भिंती नऊ इंची, म्हणजे तेवीस सेंटिमीटर जाडीच्या. तेव्हां दोन्हींकडची अर्धी-अर्धी भिंत वजा जातां १५२ सेंटिमीटरांचे १२९ उरले, आणि खोलींतील १८३ चे १६०. दोन्हीं बाजूंचा गिलावा धरला म्हणजे आणखी तीन सेंटिमीटर जावयाचे. लिफ्टच्या कामांत माप धरतात तें गिलावा होऊन उरणाऱ्या मोकळ्या जागेचें. नकाशावरच्या रेषेचें नव्हे.

एवढ्या जागेंत लिफ्ट बसलीच नसती असें नाहीं. लहान पाळणा बसला असता. परंतु मातुश्रींची खुर्ची पासष्ट सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर पांच सेंटिमीटर लांब आहे, आणि खुर्चीमागें धरून उभें राहावयास कोणी तरी हवेंच. त्यासाठीं पाळणा आंतून नव्वद सेंटिमीटर रुंद आणि एकशें चाळीस खोल लागतो. आमच्या लिफ्टींत पाळण्याच्या एका बाजूस त्याचे रूळ आणि त्यास उचलणारा तेलाच्या दाबाचा दांडा असतो. त्याला सुमारें चाळीस सेंटिमीटर जातात. दुसऱ्या बाजूस घासूं नये म्हणून दहा. पुढच्या अंगास पाळण्याचें एक आणि मजल्याचें एक अशीं दोन सरकतीं दारें. त्यांस तीस, आणि मागें दहा. ही बेरीज १४० बाय १८० अशी आली. आमच्या भिंतींत ती कशी मावणार?

सुदैवानें वरचा स्लॅब पडलेला नव्हता, आणि कोठीकडील व मागील अशा दोन्हीं भिंतींत खांब नव्हते. कोठीकडील भिंत पाडून वीतभर सरकविली, मागील फूटभर. कोठी अरुंद झाली म्हणून वहिनींनीं दोन दिवस अबोला धरला. पण इलाज नव्हता.

त्याच वेळीं भिंतीच्या जाडीचाहि प्रश्न निघाला. जागा वांचविण्यासाठीं गवंडी चार इंची भिंत घालूं म्हणत होता. परंतु रूळ ज्या कंसांवर बसतात ते कंस भिंतींतच बोल्टांनीं घट्ट करतात, आणि पाळण्याची सारी ओढ त्या बोल्टांवर येते. चार इंची भिंतींत किंवा पोकळ आणि हलक्या ठोकळ्यांत बोल्ट धरत नाहीं. पाळणा हादरूं लागतो आणि बोल्टाभोंवतीं गिलाव्याला भेगा पडतात, यावरून तें ओळखतां येतें. म्हणून रुळांच्या बाजूची भिंत पंधरा सेंटिमीटर जाडीची, सळ्या घालून काँक्रीटची केली. उरलेल्या भिंती नऊ इंची भरीव विटांच्या ठेविल्या.

पुढें पिट, म्हणजे खालचा खड्डा. पाळण्याची फरशी मजल्याच्या फरशीशीं समपातळींत यावयाची, तर पाळण्याच्या तळाची चौकट आणि तिच्याखालचे धक्का झेलणारे गट्टू यांना जागा जमिनीखालींच द्यावी लागते. मोठ्या इमारतींतील वजनी तोलाच्या लिफ्टेला हा खड्डा सव्वा-दीड मीटर लागतो. आमच्यासारख्या मंदगति घरगुती लिफ्टेला पंधरा ते तीस सेंटिमीटर पुरतो. आम्हांस पंचवीस सांगितला होता. येथेंहि तोच प्रश्न, कोठून? तर फरशी बसल्यावरच्या पातळीपासून. आम्हीं जोत्यापासून मोजला असता, तर वर पांच सेंटिमीटर फरशी आणि खालीं जलरोधक थर या दोहोंचा हिशेब चुकला असता. शिवाय खांबांना जोडणारी जोत्याची तुळई बरोबर खड्ड्यांतून गेली आहे असा प्रकार पुष्कळ घरांत आढळतो, आणि ती मागाहून तोडतां येत नाहीं. आमची तुळई नशिबानें बाजूस होती. खड्ड्याच्या तळावर लिफ्टचा सारा भार येतो, म्हणून तोहि इंजिनिअरांकडून काँक्रीटचा करून घेतला, आणि पावसाळ्यांत दोन दिवस पाणी भरून तो गळत नाहीं ना, हें पाहिलें.

माथ्यावरची मोकळीक हें शेवटचें माप. लिफ्टवाले तिला ओव्हरहेड म्हणतात. तें वरच्या मजल्याच्या फरशीपासून शाफ्टच्या छतापर्यंत धरतात, कारण पाळणा वर येऊन थांबल्यावर त्याची स्वतःची उंची, त्याचें छप्पर आणि दुरुस्तीस वर चढलेला माणूस चिरडूं नये एवढी पोकळी, हें सारें त्यांत मावलें पाहिजे. आम्हांस २७५ सेंटिमीटर हवे होते. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे ३०५. त्यांतून पंधराचा स्लॅब आणि पांचची फरशी काढली तर २८५ उरत होते. मग चिंता कसली? परंतु त्याच स्लॅबखालून पंचेचाळीस सेंटिमीटर खोल तुळई शाफ्टवरून आडवी जाणार होती! तिच्याखालीं उरले असते अवघे २५५. तुळई शाफ्टच्या कडेस घेतली म्हणून निभावलें. नाहीं तर शाफ्टचें छत गच्चीवर डोक्यासारखें उंच काढावें लागलें असतें.

काम पुरें झाल्यावर लिफ्टवाल्यानें शाफ्टच्या चारी कोपऱ्यांत वरून ओळंबे सोडले आणि प्रत्येक मजल्यावर दोरीपासून भिंतीचें अंतर घेतलें. भिंत कितीहि काळजीनें रचली तरी थोडी कलतेच. जेथें जागा सर्वांत कमी भरेल तेंच शाफ्टचें खरें माप. आमचें १४६ बाय १८४ भरलें.

आतां मातुश्री रोज सकाळीं वर जातात. खुर्चीमागें बहुधा वहिनी असतात. कोठीविषयीं त्या अजून कधीं तरी बोलून दाखवितात. मग आम्ही निमूटपणें नैवेद्याचें ताट घेऊन जिन्यानें वर जातों.