पिंपळापाशी थांबा, दादा

“दादा, आधी गाडी बाजूला घ्या आणि समोर काय दिसतंय ते सांगा.” सदाशिव पेठेतल्या बोळांत अडकलेल्या डिलिव्हरीवाल्याला माझा पहिला मेसेज हाच. तो कुठे उभा आहे आणि गाडीचं तोंड कुठे आहे हे कळल्याशिवाय ‘डावीकडे वळा’ म्हणण्यात काय अर्थ?

त्याचा नकाशा मात्र सांगत असतो, पोचलात म्हणून. आमच्या घराची पिन इमारतीच्या मधोमध आहे. नकाशा ती सर्वांत जवळच्या रस्त्याला नेऊन जोडतो आणि तो रस्ता नेमका मागचा निघतो. तिथे दार नाही, नुसती भिंत. त्यात उंच इमारतींमधल्या अरुंद बोळात उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटत येतो, मग निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. घर क्रमांकही कामाचा नाही. वाड्यांच्या वाटण्या झाल्या, इमारती उठल्या. ओळीने आकडे लागतील ही आशा पेठेत धरू नये.

“इस्त्रीवाला आहे, बाजूला पिवळं शटर,” त्याचं उत्तर आलं. म्हणजे मागच्या भिंतीपाशीच!

“इस्त्रीवाल्याकडे पाठ करा. आता सरळ. उजवीकडचा पहिला बोळ सोडा, त्यात गाडी वळत नाही. दुसऱ्या बोळात वळा. वळल्यावर पिठाचा वास येईल, गिरणी आहे.” एवढंच लिहून मी थांबतो. चार वळणं एकदम पाठवली, तर तो चालत्या गाडीवर फोन वाचत बसणार. शिवाय वळल्यानंतर आपण बरोबर आलो याची एक खूण त्याला हवीच. आणि त्याहून मोलाची असते चुकल्याची खूण: “मोठ्या रस्त्यावर बसगाड्या दिसल्या, तर पुढे गेलात. पण तिथून उलटे येऊ नका, वन-वे आहे. मला फोन करा.”

आमचे शेजारी असाच पत्ता सांगताना ‘जोश्यांच्या वाड्यावरून’ म्हणतात. तो वाडा पडून त्या जागी सहा मजले उभे राहिलेत. खुन्या मुरलीधराची खूणही नको. देऊळ जागेवर आहे, पण परगावाहून आलेल्या पोराला संध्याकाळी ‘खुन्यापाशी ये’ म्हणणं बरं नव्हे. खूण त्याला गाडीवरून दिसणारी हवी, आपल्या आठवणीतली नको.

“गिरणी आली.”

“पुढे पिंपळाचा पार. गाडी तिथेच लावा, आत हॅंडल अडकतं. पाराच्या डावीकडे कमान, कमानीतून चौक. चौकात दोन जिने आहेत. लाकडी कठड्याचा घ्या; दुसरा थेट घरमालकांच्या स्वयंपाकघरात जातो. दुसरा मजला. आणि ओटीपी खालीच मागून घ्या, वर रेंज नाही.”