तीस तासांची टाकी

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, दिवसभर चॅनेलवर दुसरं काही नव्हतं. दोनच दिवसांनी, १४ तारखेच्या रात्री, आमच्या इंदापूर तालुक्यातली वीज गेली. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्र-तेलंगण ओलांडून आमच्या डोक्यावर आला होता. हैदराबाद आदल्या दिवशी बुडालं होतं. आमच्याकडे ओढे रस्त्यावर आले, ऊस आडवा झाला, विजेचे खांब चिखलात मुळापासून कलले. बातम्या झाल्या त्या पुराच्या. अंधाराची बातमी कुणी केली नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण गावाकडे लाईट जाणं ही काय बातमी आहे?

मी तेव्हा बावड्यात होतो. कोरोनामुळे पुण्यातलं ऑफिस बंद, घरून काम. लॅपटॉप मेला, मोबाईलचा टॉवरही गेला. माझे मामा जवळच्याच एका गावाच्या फिल्टरवर रात्रपाळीचे ऑपरेटर आहेत. फिल्टर म्हणजे जलशुद्धीकरण केंद्र, पण तो शब्द फक्त पाटीवर असतो. गावाचं नाव लिहू नको असं मामांनी बजावलंय, कारण ते अजूनही तिथेच कंत्राटावर आहेत. वस्ती साधारण पंधरा हजार समजा.

त्या रात्रीचं मी नंतर मामांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशीचं स्वतः पाहिलं. नीट बसून विचारलं मात्र २०२५ च्या जानेवारीत. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे पेशंट वाढले होते, संशय पाण्यावर होता आणि आमच्या सोसायटीत सगळे क्लोरीनबद्दल बोलत होते. क्लोरीन कोण टाकतं, कसं टाकतं, हे त्यातल्या कुणाला माहीत नव्हतं. मला एक माणूस माहीत होता.

रात्री पावणेदहाला पंप थांबले. आधी 'धप्प' असा आवाज आला. तो चांगला आवाज, असं मामा म्हणतात. पंप बंद पडला की पाइपात वर चढलेलं पाणी उलटं खाली येतं, ते अडवायला एकतर्फी झडप असते, तिचा तो आवाज. आवाज आला नाही तर पाणी पंपातून मागं पळतं आणि मोटार उलटी फिरते. मामांनी तरीही हाताने डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद केला, टॉर्च घेतली आणि पाणी मोजायला गेले.

उंच टाकी पाच लाख लिटरची. तिच्यात तीन लाख. खाली संपात शुद्ध केलेलं दोन लाख. नदीवरची जॅकवेल तीन किलोमीटर लांब, तिथेही अंधार. म्हणजे हातात एकूण पाच लाख लिटर, आणि गावाचा रोजचा खर्च दहा लाख. लाईट कधी येईल ते वायरमनलाही माहीत नव्हतं, कारण खांब कुठे कुठे पडलेत हे बघायला रस्ताच नव्हता.

जनरेटर होता, ६२.५ केव्हीएचा. लोकांना वाटतं जनरेटर आहे म्हणजे प्रश्न मिटला. हा जनरेटर साधारण ८७ अँपिअर देऊ शकतो. जॅकवेलवरची मोटार ७५ एचपीची, ती नुसती चालतानाच शंभरेक अँपिअर खाते. म्हणजे नदीचं पाणी विसरायचं. संपातून टाकीत पाणी चढवणारी मोटार ३० एचपीची. ती चालताना ४० अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या त्या पहिल्या काही सेकंदांत सहापट, म्हणजे २४०. स्टार-डेल्टा स्टार्टरमुळे ते एक तृतीयांशावर येतं: ८०. जनरेटरची कमाल ८७, मोटारीची गरज ८०. मामांना हे आकडे असे पाठ नाहीत. त्यांना एवढं माहीत आहे की जनरेटर "कण्हतो, पण मरत नाही."

तो मरू नये म्हणून त्यांनी आधी केंद्रातला एकूण एक दिवा बंद केला. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पंप सुरू केला. मला हे उलटं वाटलं. पुढे वाट बंद असेल तर पंपावर ताण जास्त यायला हवा ना? सेंट्रिफ्युगल पंपाचं तसं नसतं. पाणी वाहत नसेल तर त्याला काम कमी, म्हणून वीजही कमी लागते. इंजिनिअरिंगला हा ग्राफ मी काढलेला आहे, मार्कही मिळाले होते. जनरेटरचा आवाज बसला, मीटरचा काटा ५० वरून ४६ ला आला, परत वर चढला. मग मामांनी व्हॉल्व्ह एकेक फेरा करत उघडला. अंधारात, फेरे मोजत. फार वेळ बंद ठेवूनही चालत नाही, आतलं पाणी तापतं.

पण त्याआधी, पंप सुरू करायच्याही आधी, त्यांनी अर्धा तास दुसऱ्याच कामात घालवला होता. क्लोरीन गॅसचं यंत्र विजेवरच्या छोट्या पंपाने ओढून घेतं, तो बंद म्हणजे गॅस बंद. मग उरते टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्के क्लोरीन असतो आणि हजार लिटरला पाच ग्रॅम लागते. दोन लाख लिटरला एक किलो. पण गोणी उघडून दोन महिने झाले होते, पावसाळी हवेत पावडर ओली होऊन गठ्ठे झाले होते. मामांनी वास घेतला. नाकात पहिल्यासारखा झणका बसला नाही. म्हणून दीड किलो घेतली. २२ टक्के उरला असेल तर हिशोब बरोबर दीडच येतो, हे मी नंतर कागदावर ताडून पाहिलं. बादलीत कालवली, चुना तळाला बसू दिला, वरचं निवळ पाणी संपात ओतलं. अर्धा तास थांबले. पाणी आधी वर चढवून मग टाकीत पावडर टाकली असती तर रात्री, पावसात, टाकीच्या शिडीवर बादली घेऊन चढावं लागलं असतं.

दीड-पावणेदोन तासांत संप रिकामा, टाकी भरली. डिझेल गेलं बारा-तेरा लिटर. मध्यरात्रीच्या आत एवढं झालं. आता पाच लाख लिटर उंचावर होतं आणि ते खाली सोडायला विजेची गरज नव्हती.

खरी गोची इथून पुढं. पहाटे पाचला गावाला पाणी सुटतं, वॉर्डाच्या पाळीने. पहाटेच एक स्थानिक पुढारी गाडी घेऊन आले. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि ऐकायला न्यायाचंही: सगळ्यांचे व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडा, सगळ्यांना थोडं थोडं द्या. मामा नाही म्हणाले.

कारण समजायचं तर आमच्याकडचे नळ पाहिले पाहिजेत. दाब कमी असतो, म्हणून लोक घरासमोर गुडघाभर खड्डा खणतात आणि नळ त्यात खाली घेतात. जेवढा खाली नळ, तेवढं पाणी जास्त. बऱ्याच नळांना तोटी नसते. त्या रात्रीच्या पावसाने हे सगळे खड्डे काठोकाठ भरले होते, गटाराच्या पाण्यासकट. पाइपात भरपूर दाब असेल तर पाणी बाहेरच उसळतं, खड्ड्यातलं आत येऊ शकत नाही. पण सगळीकडे थोडं थोडं सोडलं की पाइप अर्धवट भरतो. खालच्या आळीतले नळ वाहतात, आणि वरच्या आळीत पाणी पोचण्याऐवजी पाइप उलटा ओढायला लागतो. खड्ड्यातलं पाणी आत जातं आणि उतारावरून खालच्या घरांच्या हंड्यात येतं. पाणी मिळालं म्हणून लोक खूश, आणि चार दिवसांनी दवाखान्याबाहेर रांग.

"आरं, पाइप भरून द्यायचं न्हायतर द्यायचंच न्हाई," मामा मला म्हणाले. "निम्मं देनं लई वंगाळ."

आमच्या धंद्यात सर्व्हरवर ताण आला की सगळ्यांना जरा हळू चालवायचं की काहींना सरळ थांबवायचं यावर मीटिंगा होतात. मामांची मीटिंग फाटकापाशी झाली. पुढारी रागावून गेले.

सकाळी घंटागाडीच्या भोंग्यावरून गावाला सांगितलं: पाणी मिळेल, एका वॉर्डाला वीस मिनिटं, खड्डे आधी उपसा, पहिल्या दोन बादल्या पिऊ नका. सहा वॉर्ड, एका वेळी एकच, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. दिवसभरात साडेतीन लाख लिटर द्यायचं, म्हणजे माणशी तेवीस लिटर, जेमतेम दीड घागर. दीड लाख टाकीतच ठेवायचं, ग्रामीण रुग्णालय आणि कोविड सेंटरसाठी.

मामींनी दिलेला डबा आणि डिझेलचा कॅन घेऊन मी १५ तारखेला दुपारी पोचलो. मामा आणि व्हॉल्व्हमन सायकलवरून फिरत होते. सर्वांत लांबच्या, शेवटच्या आळीत मी त्यांच्यासोबत गेलो. तिथे एक आजी म्हणाल्या, एवढं जोरात पाणी गेल्या दोन वर्षांत आलं नव्हतं. आधी मला वाटलं त्या टोमणा मारतायत. पण खरंच नळाला धार होती. रोज मधली घरं नळाला थेट मोटारी लावून पाणी ओढतात, शेवटच्या घरापर्यंत उरतच नाही. आज लाईट नव्हती, म्हणून मोटारीही नव्हत्या. मी हसलो, मामा हसले नाहीत. "लाईट आली की हितलं पानी गेलं," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी खिशातून क्लोरोस्कोप काढला. काचेच्या नळीत नळाचं पाणी, त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, आणि तो पिवळेपणा शेजारच्या रंगांशी जुळवायचा. शेवटच्या नळाला निदान ०.२ पीपीएम उरला पाहिजे. दहा लाख थेंबांत एक थेंबाचा पाचवा हिस्सा. टाकीपाशी किती आहे याला अर्थ नाही, कारण वाटेत पाइपातली घाण क्लोरीन खात जाते. नळी उजेडात धरली. पिवळसर म्हणावं की नाही, अशी छटा. मामांनी नळी ओतली आणि परत टेस्ट केली. तीच छटा. ०.२ च्या जवळ, पण खालच्या बाजूने. त्यांनी त्या आळीत घरोघरी पाणी उकळून प्यायला सांगितलं आणि केंद्रावर येऊन टाकीसाठी आणखी टीसीएल कालवायला घेतली. या वेळी शिडी चढावी लागलीच. बादली मी खालून दोराने दिली.

लाईट आली १६ तारखेला पहाटे साडेतीनच्या पुढे. दिवे लागल्यावर मी पंपाच्या बटणाकडे निघालो होतो, मामांनी हात धरला. पडलेल्या तारा अंधारात जोडताना दोन फेज अदलाबदल झाल्या तर मोटार उलटी फिरते. त्यांनी बटण दाबून लगेच सोडलं आणि शाफ्ट कोणत्या बाजूला फिरतो ते टॉर्चने पाहिलं. बाजू बरोबर होती. तरी ते लगेच सुरू करेनात. जॅकवेलच्या माणसाला निरोप गेला, नदीचं पहिलं पाणी केंद्रात आलं, ते चहासारखं होतं. पाच बरण्यांत ते पाणी घेऊन त्यांनी प्रत्येकीत तुरटी वेगवेगळी टाकली, ढवळली, आणि कुठल्या बरणीत गाळ आधी खाली बसतो ते बघत खुर्चीवर बसले. तिसऱ्या बरणीत बसला. तेवढी तुरटी लावायची ठरली.

लॉगबुक मी पाहिलंय. १५ ऑक्टोबरच्या पानावर पंपाच्या तासांच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकच शब्द आहे, 'बंद'. शेऱ्यात: 'शेवटचा नळ ओटी कमी. परत टीसीएल.' १६ च्या पानावर सकाळी सव्वासातला, शेवटच्या नळाचा आकडा ०.५. त्याखाली मामांची सही, आणि दिवसपाळीच्या माणसाची.