दार पाच किलोचं, पंप किती न्यूटनचा?

ओट्यावरच्या कपाटाचं वर उघडणारं दार हात सोडला की खाली यायला लागलं, की गॅस पंप बदलायची वेळ येते. दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती न्यूटनचा देऊ?" आमच्या बडोद्याच्या घरी दार आईच्या डोक्यावर आपटायला लागलं, तेव्हा मिस्त्रींनी सरळ हिशोब केला: दार पाच किलोचं, म्हणजे ५० न्यूटन, ५०चे दोन पंप भरपूर झाले. नवे पंप बसले, तरी दार खाली येतच राहिलं.

कारण असं की पंप दाराला टोकाशी नाही, बिजागरीजवळ उचलतो. आमचं दार ४० सेंटीमीटर उंचीचं. आडवं उघडलं की त्याचं वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून २० सेंटीमीटरवर ओढतं. त्याच स्थितीत पंपाच्या रेषेत दोरा ताणला आणि बिजागरीपासून त्या दोऱ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजलं, तर ते भरलं जेमतेम ७ सेंटीमीटर. म्हणजे पंपांना दाराच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट जोर लावावा लागतो.

५० ला २० ने गुणून ७ ने भागलं, की १४३ न्यूटन येतात. दोन पंपांत वाटले तर प्रत्येकी ७१ च्या आसपास. आम्ही ८०चे घेतले. वर ठेवलेली ही थोडी शिल्लक हवीच, कारण पंपातला वायू वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो. शिवाय आतल्या नायट्रोजनचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. मे महिन्यात स्वयंपाकघर ४० अंशांवर आणि जानेवारीच्या सकाळी १८ वर असेल, तर जोरात सात टक्क्यांचा फरक पडतो. उन्हाळ्यात काठावर टिकणारं दार थंडीत खाली येतं ते यामुळेच.

मग १५०चेच का घेऊ नयेत? तसे पंप दार हातातून हिसकावून वर नेतात, बंद करायला लोंबकळावं लागतं आणि बिजागरीचे स्क्रू हळूहळू प्लायमधून सुटू लागतात.

वजन अंदाजाने धरू नका. दार हँडलसकट काढून हातात घ्या, वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. सनमायका बदलला किंवा काच बसवली, तर पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंचे पंप एकाच जोराचे घ्या आणि जोडीनेच बदला. बसवताना दार बंद असताना दांडी खालच्या बाजूला येईल असं पाहा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. दांडीवर तेल दिसलं, तर सील गेलं समजा. जुना पंप मात्र कापू किंवा जाळू नका. आतला दाब तसाच असतो.