ताकीदपत्रात काय लिहू नये

साताऱ्यात माझं सलून आहे आणि सांगलीत त्याची दुसरी शाखा. दोन्हीकडे मिळून बारा माणसं कामाला. लग्नसराईत शनिवार-रविवारी एक स्टायलिस्ट आली नाही, तर नुकसान एका खुर्चीपुरतं राहत नाही. अकराची नवरी दीडला बसते, तिच्या मागच्या दोघी उठून निघून जातात आणि उरलेल्या मुलींचं जेवण संध्याकाळवर जातं. त्यामुळे न कळवता राहिलेल्या माणसाबद्दलचा राग मला चांगला ठाऊक आहे. ताकीदपत्र मात्र त्या रागाच्या भरात लिहिण्याची गोष्ट नाही, हे 2025च्या उन्हाळ्यातल्या एका प्रकरणाने माझ्या मनात पक्कं केलं.

मुलगी मूळची सांगलीची, साताऱ्यात खोली घेऊन राहणारी. हात इतका चांगला की गिऱ्हाईक तिची वेळ मिळेपर्यंत थांबायचं. ती 26 एप्रिलला आली नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर "ताई, जमलं नाही" एवढंच म्हणाली. मग 4 मे, 10 मे आणि 17 मे. चारही दिवस शनिवार किंवा रविवार. फोन बंद, निरोप नाही.

माझ्याकडे हजेरीचं मस्टर होतं, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं. नोंद त्या दिवशी, त्या वेळी व्हायला हवी. महिन्याअखेरीस एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेलं मस्टर ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. चूक झाली तर पांढरा रंग लावायचा नाही. एक रेघ मारून शेजारी सही करायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं तेही दिसतं. चारही तारखांपुढे मी फक्त "गैरहजर, निरोप नाही, साडेदहा व बारा वाजता फोन केला, बंद" असं लिहिलं होतं. त्या चार दिवसांचा पगार कापला होता, त्यावर दंड मात्र लावला नव्हता. काम नाही त्या दिवसाचा पगार नाही, हा हिशेब झाला. शिक्षा द्यायची तर तिची वाट वेगळी.

याच सुमारास सांगलीतून एकीने मला एक फोटो पाठवला. विश्रामबागेतल्या एका लग्नातली नवरी, आणि सोबत मजकूर, "4 तारखेला हिला तुमच्याच मुलीने तयार केलं म्हणतात." पत्र लिहिताना हा फोटो समोर ठेवण्याचा मोह फार मोठा होता. मी तो बाजूला ठेवला. न सांगता राहणं हा एक आरोप. आपल्या वेळेत बाहेरची कामं घेणं हा दुसरा, आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. ऐकीव गोष्ट पत्रात घातली की खरी गोष्टही तिच्याबरोबर डळमळते. समोरचं माणूस फोटो खोटा ठरवतं आणि चार तारखांचं उत्तर देण्यातून सुटतं.

ताकीद देण्याआधी विचारणं आलं. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 1993चा डी. के. यादव या कामगाराच्या प्रकरणातला निकाल मला नेहमी आठवतो. कारखाना हरियाणातला. आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून, कसलीही चौकशी न करता, कंपनीने त्यांची नोकरी संपवली. कंपनीच्या स्थायी आदेशांत तशी सोय होती. यादव यांचं म्हणणं असं की मी रोज येत होतो, मला फाटकावरच अडवलं. न्यायालयाने सांगितलं की म्हणणं ऐकून न घेता कुणाची रोजीरोटी काढून घेता येत नाही, आणि त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. कंपनीच्या कागदावर जे "गैरहजर" होतं, ते त्या माणसाच्या अनुभवात "फाटकावर अडवलेलं" होतं. पुढे 2012 साली कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. गैरहजेरी हे गैरवर्तन ठरवायचं, तर ती जाणूनबुजून होती हे दाखवावं लागतं. एक कारखान्याचं प्रकरण, दुसरं सरकारी नोकरीचं. पण बारा माणसांच्या सलूनलाही त्यातलं शहाणपण तितकंच लागू पडतं. मस्टर माणूस आलं नाही एवढं सांगतं. का आलं नाही, हे त्याला माहीत नसतं.

म्हणून 21 मे रोजी मी तिला खुलासा मागणारं पत्र दिलं. मराठीत, कारण ती वाचते मराठी. चार तारखा, वार, फोन केल्याच्या वेळा, आणि शेवटी, "याबाबत आपले म्हणणे 28 मेपर्यंत लेखी द्यावे." दुसऱ्या प्रतीवर तिची पोहोच घेतली. तिने सही नाकारली असती, तर दोन साक्षीदारांसमोर तसा शेरा मारून पत्र तिच्या सांगलीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवलं असतं.

खुलासा 26 मेला आला. सोबत मिरजेच्या एका हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. वडिलांना 9 मेच्या रात्री एकाएकी दाखल केलं, 10 मेला ऑपरेशन, आणि कार्डावर पुढची तपासणी 17 मे. घरची अडचण सांगायला संकोच वाटला, असं तिने लिहिलं होतं. 26 एप्रिल आणि 4 मेबद्दल एक अक्षरही नव्हतं.

आता एका गठ्ठ्यातले चार दिवस वेगवेगळे झाले. 10 मेचा दिवस मी आरोपातून पूर्ण काढला. बाप ऑपरेशनच्या टेबलावर असताना कुणी मालकिणीला फोन करत बसत नाही. 17 मेची गैरहजेरी माफ केली, पण ती तारीख आधीच कार्डावर लिहिलेली होती, तेव्हा आधी कळवणं शक्य होतं, एवढं मात्र नोंदवलं. दुकाने आणि आस्थापनांच्या 2017च्या राज्याच्या कायद्यानुसार तेव्हा आमच्याएवढ्या आस्थापनेत वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा मिळत होती. हे दोन दिवस त्या रजेत घालून कापलेला पगार परत दिला. उरले दोन दिवस.

30 मेच्या ताकीदपत्राचा गाभा असा होता:

"दि. 26 एप्रिल व 4 मे 2025 रोजी आपण पूर्वसूचना न देता गैरहजर होता. आपल्या 26 मेच्या खुलाशात या दोन दिवसांचे कारण दिलेले नाही. 10 व 17 मेचा खुलासा मान्य करण्यात आला आहे. तथापि 17 मेची पूर्वकल्पना देणे शक्य होते. यापुढे रजा आदल्या दिवशीपर्यंत कळवावी. तातडीच्या प्रसंगी सकाळी दहापूर्वी फोन किंवा संदेश करावा, घरातल्या कोणीही केला तरी चालेल. पुढील सहा महिन्यांत पुन्हा असे घडल्यास रीतसर चौकशी करण्यात येईल. तसे न घडल्यास हे पत्र पुढील कोणत्याही कारवाईत विचारात घेतले जाणार नाही."

यात "बेजबाबदार" नाही, "वारंवार सांगूनही" नाही, "तत्काळ काढून टाकू" नाही. विशेषणाला उत्तर देता येत नाही, तारखेला देता येतं. आणि जे आपण उद्या एका दिवसात करू शकत नाही, करूही नये, त्याची धमकी कागदावर आली की पुढची सगळी पत्रं पोकळ होतात. सहा महिन्यांची मुदत मात्र मी हट्टाने घातली. जिला मुदत नाही अशी ताकीद माणसाच्या डोक्यावर कायम टांगती राहते, आणि सुधारण्यात मग त्याला काही अर्थ दिसत नाही.

एक काम पत्राबाहेरचंही होतं. मी बाकी अकरा जणांचं त्याच दोन महिन्यांचं मस्टर पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या अशाच गैरहजेरीकडे आपण डोळेझाक केली असेल, तर हिला दिलेलं पत्र कितीही नेमकं असलं तरी न्याय्य राहत नाही. तशी नोंद निघाली नाही, तेव्हाच सही केली.

कडक पत्राला लोक निष्ठुर समजतात, आणि गोड बोलून सोडून देण्याला माया. मला हे पटत नाही. तोंडी माफ केलेली गैरहजेरी मनात साठत जाते आणि एक दिवस "उद्यापासून येऊ नकोस" या एका वाक्यात बाहेर पडते. तेव्हा त्या मुलीच्या हातात आपली बाजू सांगणारा कुठलाही कागद नसतो. लेखी विचारलं म्हणून चारातले दोन दिवस तिने परत मिळवले. उत्तरासाठी जागा ठेवणारी आणि उत्तर आल्यावर लहान होऊ शकणारी ताकीदच मालकाला शोभते. उरलेल्या दोन दिवसांबद्दल ही ताकीद तितकीच ठाम राहिली, आणि राहायलाच हवी होती.