तीन न्यायाधीशांपुढे तीन न्यायाधीश

संपादित जमिनीचा मोबदला सरकारने स्वतःच्याच कोषागारात भरून ठेवला, तर तो शेतकऱ्याला ‘दिला’ असे म्हणायचे का? निम्न वर्धा प्रकल्पात जमीन गेलेला आर्वीकडचा शेतकरी हा प्रश्न घेऊन नागपूर खंडपीठात गेला, तर तिथे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये मात्र एकाच प्रश्नावर असे दोन परस्परविरोधी निकाल होते.

पहिला पुण्याचा. महापालिकेच्या वनउद्यानासाठी घेतलेल्या जमिनीचा निवाडा २००८ मध्ये झाला, पैसे कोषागारात गेले. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २४(२) नुसार, कायदा लागू होताना निवाड्याला पाच वर्षे होऊनही ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल तर संपादन रद्द होते. जानेवारी २०१४ मध्ये न्या. लोढा यांच्या त्रिसदस्य पीठाने ठरवले की, मालकाने पैसे स्वीकारले नाहीत तर ते न्यायालयात भरायला हवेत, कोषागार पुरेसे नाही. संपादन रद्द झाले.

८ फेब्रुवारी २०१८ रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात दुसऱ्या त्रिसदस्य पीठाने दोन विरुद्ध एक मताने पुण्याचा निकाल ‘पर इन्क्युरियम’ ठरवला, म्हणजे बंधनकारक कायदा वा पूर्वनिर्णय नजरेआड करून दिलेला. न्या. शांतनगौडर यांना हा शिक्का मान्य नव्हता. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचेच बरोबर होते. निकालाचा तर्क चुकीचा वाटणे वेगळे आणि निकाल देताना बंधनकारक तरतूदच सुटणे वेगळे. पहिल्या कारणासाठी हा शिक्का वापरला, तर समान संख्येचे कोणतेही पीठ आधीचा निकाल बाजूला सारू शकेल.

यावरचा नियम २००४ मध्येच दाऊदी बोहरा समाजाच्या मंडळाने महाराष्ट्र सरकारविरुद्ध लढवलेल्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितला होता. मोठ्या पीठाचा निकाल लहान व समान पीठांवर बंधनकारक असतो. समान पीठाला शंका असेल तर ते प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्याची मागणी करू शकते. लहान पीठाने फक्त सरन्यायाधीशांचे लक्ष वेधायचे.

इंदूरच्या निकालानंतर दोन आठवड्यांत न्या. मदन लोकूर यांच्या त्रिसदस्य पीठाने उच्च न्यायालयांना अशी प्रकरणे तूर्त हाती न घेण्याची विनंती केली आणि वाद घटनापीठाकडे गेला. ६ मार्च २०२० रोजी पाच न्यायाधीशांनी पुण्याचा निकाल रद्दबातल ठरवला. पाच जणांच्या पीठाला तो अधिकार होताच, त्यासाठी ‘पर इन्क्युरियम’ची गरज नव्हती. ताबा आणि मोबदला, दोन्ही राहिले असतील तरच संपादन रद्द होते, असा अर्थ त्यांनी लावला. पंचनाम्याने ताबा गेला असेल, तर केवळ पैसे न मिळाल्याने जमीन परत मागता येत नाही. मात्र बहुसंख्य जमीनधारणांचा मोबदला जमाच झाला नसेल, तर सर्व लाभार्थ्यांना तो २०१३ च्या कायद्याच्या हिशेबाने मिळतो.