शब्द खुसरोंचे, आवाज कंपनीचा

आमच्या गावातल्या बेकरीवाल्या चाचांना ईदच्या जाहिरातीसाठी 45 सेकंदांचा व्हिडिओ हवा होता, आणि मागे एक जुनी कव्वाली. "बेटा, हे तर अमीर खुसरोंचं कलाम. सातशे वर्षं झाली, आता कोण विचारणार?" चाचांचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. खुसरो 1325 साली गेले, त्यांच्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही. पण चाचांना हवं होतं ते रेकॉर्डिंग होतं, आणि त्याचा हक्क वेगळा असतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं तो टिकतो. त्या कव्वालीची चाल एखाद्या अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली असेल, तर तिच्यावर त्याचा हक्क हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं. म्हणजे परवानगी दोन ठिकाणी मागायची, आणि चित्रासोबत वाजवण्यासाठी मागतोय हे सांगून.

"मग इन्स्टाग्रामवर सगळे लावतात ते?" चाचांनी विचारलं. ती सोय घरगुती रील्ससाठी आहे. दुकानाच्या जाहिरातीला ती लागू नाही.

शेवटी वाद्यसंगीत शोधलं. फुकट मिळणाऱ्या एका सुंदर रबाबच्या तुकड्याखाली CC BY-NC लिहिलेलं होतं. यातलं NC म्हणजे धंद्यासाठी नाही. चाचा पैसे देऊन नानकटाई विकण्यासाठी व्हिडिओ करून घेत होते, तेव्हा तो तुकडा बाद. पुढचा CC BY होता. तो चालतो, फक्त कलाकाराचं नाव आणि लायसन्सचा उल्लेख व्हिडिओखाली द्यावा लागतो.

फॉन्टचं काम सोपं झालं. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेला एक वळणदार फॉन्ट चाचांना आवडला होता, तो सोडून मुक्ता घेतला. तो ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, जाहिरातीला चालतो.

बाजारातल्या गर्दीचं फुटेज मात्र मी दोनदा तपासलं. एकावर Editorial use only होतं, म्हणजे बातमीला चालेल, जाहिरातीला नाही. दुसरं Pexels वरचं, धंद्याला चालणारं. पण त्यात एक बाई कॅमेऱ्याकडे बघून हसत बिस्किट खात होती. ओळखू येणारी व्यक्ती आपल्या मालाची भलावण करतेय असं भासवायला तिथे मनाई आहे, आणि 'चाचांची नानकटाई' या अक्षरांखाली ती हसली की तेच होतं. मी पाठमोऱ्या माणसांचा शॉट घेतला.

काम देताना चाचांच्या मुलाला व्हिडिओसोबत एक फोल्डर दिलं. संगीत, फॉन्ट, फुटेज प्रत्येकाची लिंक, लायसन्सचा मजकूर आणि डाउनलोडच्या तारखेसह स्क्रीनशॉट. चॅनल बेकरीचं असल्याने यूट्यूबवर क्लेम आला तर त्यांनाच येणार. पाच दिवसांनी रबाबवर आलाच. मुलाने फोल्डरमधला स्क्रीनशॉट उघडला, लायसन्सची लिंक टाकून हरकत नोंदवली, आणि मला फक्त मेसेज केला: "भाई, टाकलंय, बघा बरोबर आहे का."